२० पैकी १४, पण कशातून?

"दहावीच्या विज्ञानाच्या पेपरातले २० पैकी १४ प्रश्न सरांच्या संभाव्य प्रश्नांच्या यादीतले निघाले. मग यादी पक्कीच ना?"

यादी ६० प्रश्नांची होती, हे आधी बघा. भाचीसाठी मी अप्पा बळवंत चौकातून जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या. तो पेपर बाजूला ठेवून आधीच्या पाच वर्षांत सर्वाधिक वेळा आलेले ६० प्रश्न उतरवले आणि मग त्याच पेपरशी ताडले. १३ जुळले! सरांची भर एका प्रश्नाची. तेवढं तर नशिबानंही जमतं.

जुळणी मात्र कडक मोजा. यादीत नुसतं 'भिंगे' आणि पेपरात नाभीय अंतराचं गणित, हे जुळलं म्हणायचं नाही. (सर म्हणतात!) तसे तीन काढल्यावर त्यांचे ११ उरले.