आजी खुर्चीतून उठते तेव्हा

दाराची घंटा वाजते आणि आजी खुर्चीतून उठते. कौटुंबिक अ‍ॅनिमेशनमध्ये असा प्रसंग हमखास असतो आणि बऱ्याचदा तोच फसतो. नवखा अ‍ॅनिमेटर तरुण पात्राचं उठणं घेतो आणि ताणून तिप्पट लांब करतो. मग आजी म्हातारी न वाटता पाण्याखाली असल्यासारखी वाटते. वय वाढलं म्हणून गुरुत्वाकर्षण थोडंच मंदावतं!

आधी तिचा बांधा पाहू. उतारवयात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला बाक येतो आणि उंची कमी होते. पण ती कमी होते धडात. हातापायांची हाडं होती तेवढीच राहतात. म्हणून अख्खं मॉडेल लहान करू नका. धड आखूड करा, हात तसेच ठेवा. मग बोटं मांडीवर पूर्वीपेक्षा खाली पोचतात, आणि नेमकं हेच डोळ्याला पटतं. पाठ वाकली की नजर जमिनीकडे जाते, म्हणून समोर बघायला हनुवटी पुढे येते. वजनही पुढे झुकतं. ते सावरायला गुडघे किंचित वाकलेले राहतात. पात्राला काळा रंग भरून नुसती आकृती बघा. सुरकुत्या नसताना वय कळत नसेल, तर पोझ चुकली आहे.

आता उठणं. सेकंदाला २४ फ्रेम धरले, तर मी आजीला साधारण ९६ फ्रेम, म्हणजे ४ सेकंद देतो. पण ते सारखे वाटून देत नाही. सरकून खुर्चीच्या कडेला यायला आणि पावलं मागे ओढायला ३६. हात खुर्चीच्या हातांवर रोवून पुढे झोका घ्यायला २४. हा पहिला झोका फुकट जातो, ती परत टेकते. दुसऱ्या झोक्यात खरं उठणं, अवघे २० फ्रेम. मांडीचे स्नायू अशक्त झाले की शरीराचा भार आधी पावलांवर आणावा लागतो, म्हणून ही सगळी तयारी. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येण्याआधीच बूड उचललंत, तर प्रेक्षकाला आजी दोरीने ओढल्यासारखी वाटेल.

उरलेले १६ फ्रेम ती नुसती उभी राहते, एक हात अजून खुर्चीवर. उभं राहताच रक्त पायांकडे उतरतं आणि उतारवयात रक्तदाब सावरायला जरा जास्त वेळ लागतो. घाईत हा थांबा कापला जातो. मी मात्र बाकी काहीही कापेन, हा नाही.

बसताना गंमत उलटी होते. ती सावकाश वाकते, पण शेवटी मांड्या दगा देतात आणि ती धपकन बसते. २० सेंटिमीटर मोकळं पडायला सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे ५ फ्रेम लागतात. हे शेवटचं धपकन तितकंच झटपट हवं. त्याआधी हात मागे नेऊन खुर्ची चाचपायला १५-२० फ्रेम खुशाल द्या.