कर्जखात्याच्या उताऱ्याचा फोटो: मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, पुढच्या किस्ती कशा मांडायच्या

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बँकेचा उतारा कागदावर कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त दिसतो. कोणीतरी शाखेत जातो, पासबुकाच्या पानाचा तिरपा फोटो काढतो आणि पाठवतो. बचत गटाचा हिशेब ठेवत असल्यामुळे असे फोटो माझ्याकडे नेहमी येतात. मागे एका कास्तकाराने फोटोसोबत लिहिलं होतं, "भाऊ, चौदा हजार भरले, मंग कर्ज दहा हजारानंबी काऊन नाही उतरलं?"

त्याने दोन म्हशींसाठी बँकेकडून १ लाख रुपये घेतले होते. व्याज १२ टक्के, उतरत्या शिल्लकीवर. २४ मासिक किस्ती, प्रत्येकी ४,७०७ रुपयांची. फोटोतल्या ओळी पैसे सोडून अशा होत्या:

| तारीख (२०२५) | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| ५ जानेवारी | कर्ज वाटप | १,००,००० | | १,००,००० |
| ५ फेब्रुवारी | व्याज | १,०१९ | | १,०१,०१९ |
| ५ फेब्रुवारी | हप्ता | | ४,७०७ | ९६,३१२ |
| ५ मार्च | व्याज | ८८७ | | ९७,१९९ |
| ५ मार्च | हप्ता | | ४,७०७ | ९२,४९२ |
| ५ एप्रिल | व्याज | ९४३ | | ९३,४३५ |
| ७ एप्रिल | दंड | ५०० | | ९३,९३५ |
| ५ मे | व्याज | ९२२ | | ९४,८५७ |
| ५ मे | हप्ता | | ४,७०७ | ९०,१५० |

या उताऱ्यात मुद्दलाचा रकानाच नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बचत खात्यात 'नावे' म्हणजे पैसे गेले. कर्जखात्यात 'नावे' म्हणजे आपल्या डोक्यावर बोजा चढला. व्याज, दंड, विमा जे काही लागतं ते नावे पडतं आणि किस्त अख्खी जमा होते. म्हणून मुद्दल आपणच काढायचं: किस्तीतून त्याआधी नावे पडलेलं व्याज वजा करा. फेब्रुवारीत ४,७०७ मधून १,०१९ गेले, ३,६८८ मुद्दलात उतरले. मार्चमध्ये ३,८२० उतरले.

पण त्याआधी फोटो बरोबर वाचला की नाही ते तपासा. मागची शिल्लक, अधिक नावे, वजा जमा, बरोबर पुढची शिल्लक. हे प्रत्येक ओळीला जुळलंच पाहिजे. फिकट छपाईत ८ चा ३ दिसतो. मी मार्चचं ८८७ आधी ३३७ वाचलं होतं आणि शिल्लक ५५० ने चुकली, तेव्हा फोटो मोठा करून पाहिला. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुतेक वेळा शेजारचे दोन आकडे आपल्याच हातून उलटे लिहिले गेलेले असतात. ९२,४९२ च्या जागी ९२,९४२ लिहिलं तर फरक ४५० येतो. घडीवर आकडा दबला असेल तर अंदाजाने भरू नका, खालच्या-वरच्या शिल्लकीवरून तो काढता येतो.

आता व्याजाची पडताळणी. बँक दिवसांवर व्याज लावते: शिल्लक × दर × दिवस ÷ ३६५. ५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी ३१ दिवस, म्हणून १ लाखावर १,०१९ आले. फेब्रुवारी-मार्चचे दिवस २८, म्हणून ९६,३१२ वर ८८७ च. एका महिन्यात व्याज कमी दिसलं की लोकांना चूक वाटते, पण ती नसते. रुपया-दोन रुपयांचा फरक आला तर तो पैशांचा समजा आणि सोडा.

एप्रिलमध्ये खात्यात पैसे नव्हते, किस्त चुकली. तरी ९४३ व्याज लागलंच, वर ५०० दंड. मे महिन्याच्या ४,७०७ मधून दंडाचे ५००, दोन महिन्यांच्या व्याजाचे १,८६५ गेले आणि मुद्दलात उतरले फक्त २,३४२. एकूण भरले १४,१२१. व्याज ३,७७१, दंड ५००, मुद्दल ९,८५०. त्या कास्तकाराचं म्हणणं खरंच होतं, आणि बँकेचा हिशेबही बरोबर होता.

दंडाची ओळ मात्र बारकाईने पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना दंड हा वेगळं शुल्क म्हणून लागतो, व्याजदरात मिसळून नाही. आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. इथे मेचं व्याज ९३,४३५ वर ३० दिवसांचं ९२२ आहे, म्हणजे दंड बाजूला ठेवला आहे. तिथे ९२६ दिसले असते तर ५०० वरही व्याज लागलं असं समजायचं. रक्कम चार रुपयांची, पण असे चार दंड झाले की ओळी वाढत जातात.

पुढचं वेळापत्रक मांडताना मूळ कागदाशी तुलना करा. किस्त चुकली नसती तर ५ मे रोजी शिल्लक ८४,८९६ असती. आज ९०,१५० आहे. फरक ५,२५४: चुकलेली किस्त ४,७०७, दंड ५००, आणि जास्तीचं व्याज ४७. हे ५,२५४ आत्ताच भरले तर गाडी मूळ रुळावर येते. नाही भरले आणि नुसत्या ४,७०७ च्या २० किस्ती भरत राहिलं, तर शेवटच्या तारखेला सुमारे ६,३५० रुपये बाकी राहतील, आणि खातं तोवर थकीतच दिसेल; उशिराचा दंड लागला तर वेगळाच. तिसरा मार्ग म्हणजे बँकेकडून किस्त बदलून घेणं. तो बँकेने लेखी मान्य केला तरच धरायचा. रक्कम मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये अशी निघते:

```
=PMT(12%/12,20,-90150)
```

उत्तर साधारण ४,९९६ येतं.

फोटोवर एवढं कळतं. पक्क्या हिशेबासाठी बँकेचा कागद हवा, आणि तो अर्ज करून मागायचा. कर्जदार किंवा सहकर्जदार शाखेत साधा अर्ज देऊ शकतो. कर्जदार वारला असेल तर वारसाने मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा. सोबत आधार किंवा इतर ओळखपत्र, पासबुक आणि कर्जखाते क्रमांक लागतो. बचत खात्याचा क्रमांक देऊन लोक परत येतात, तेवढं सांभाळा. अर्जात तीन गोष्टी मागा: वाटपाच्या दिवसापासूनचा पूर्ण उतारा, व्याजदर बदलला असल्यास तारखा, आणि आजच्या शिल्लकीवरचं नवं वेळापत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं आणि त्यात किस्तींचं वेळापत्रक असतं. ते घरी पेटीत आहे का आधी बघा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

हिशेब जुळत नसेल तर कोणती ओळ, कोणता आकडा, तुमचा आकडा किती, एवढंच लिहून शाखेत तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८. पतसंस्थेचं कर्ज असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे जावं लागतं.

पीककर्जाच्या खात्याला हे गणित लावू नका. तिथे मासिक किस्त नसते, आणि वेळेत भरलं तर मिळणारी व्याजसवलत कधी कधी नंतरच्या तारखेला जमा होते. तो उतारा वेगळा वाचावा लागतो.