मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया: रक्ताची स्लाइड आणि बी१२-फोलेटच्या टेस्ट

मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणजे बी१२ (शास्त्रीय नाव कोबालामिन) किंवा फोलेट कमी पडल्यामुळे होणारा रक्तक्षय. काही औषधांनीही होतो, मेथोट्रेक्सेट हे त्यातलं नेहमीचं उदाहरण, पण बहुतेक केसेस या दोन जीवनसत्त्वांच्याच असतात. तो ओळखायला दोन वाटा आहेत, एक रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायची आणि दुसरी रक्तातलं बी१२ नि फोलेट मोजायचं. बऱ्याच वेळा दोन्ही एकच सांगतात आणि मग काही प्रश्नच नसतो, पण कधीकधी स्लाइड एक म्हणते आणि मशीनचा आकडा दुसरं, तेव्हा नक्की कोणावर विश्वास ठेवायचा हे या नोंदीत जास्त सांगितलंय.

आधी पेशी मोठ्या का होतात ते बघू. पेशीचं विभाजन व्हायचं तर डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्या कामाला फोलेट लागतं, नि फोलेट पुन्हा वापरात यायला बी१२ लागतं. दोघांपैकी एक जरी संपलं तरी अस्थिमज्जेतल्या पेशीचं केंद्रक मागे राहतं, बाहेरचा भाग मात्र वाढतच जातो, हिमोग्लोबिनही भरत राहतं. पेशी मोठी होते पण दोन होत नाही. अशा फुगलेल्या अर्धवट पेशींना मेगॅलोब्लास्ट हे नाव पॉल एर्लिख यांनी १८८० मध्ये दिलं. यातल्या बऱ्याच मज्जेतच मरतात, रक्तात पोचतच नाहीत. म्हणून पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा एलडीएच हजारांत जातो, बिलिरुबिन थोडं वाढतं, डोळे पिवळट दिसतात, आणि घरचे आधी काविळीच्या पाल्याच्या मागे लागतात, त्यात दोन आठवडे जातात ते वेगळेच.

स्लाइडवर काय दिसतं? पहिली गोष्ट मोठ्या आणि अंडाकृती लाल पेशी. अंडाकृती हा शब्द महत्त्वाचा. रोज फेणी पिणाऱ्या माणसाच्या किंवा लिव्हर बिघडलेल्याच्या लाल पेशीही मोठ्या होतात पण त्या सहसा गोल असतात, त्यांचा एमसीव्ही, म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान, १०० ते ११० फेम्टोलिटरच्या आसपास राहतो. मेगॅलोब्लास्टिकमध्ये तो ११५-१२० च्या पुढेही सहज जातो आणि पेशींचे आकार एकसारखे नसतात, मोठ्या अंडाकृतींच्या मध्ये बारके तुकडे, अश्रूसारख्या शेपटीच्या पेशी, कधी आत केंद्रकाचा उरलेला काळा ठिपका, त्याला हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात.

दुसरी आणि माझ्या मते जास्त भरवशाची खूण म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाच्या पाकळ्या. नेहमीच्या न्यूट्रोफिलला दोन ते चार पाकळ्या असतात, पाचवाल्या थोड्याच. नियम असा की १०० न्यूट्रोफिल मोजायचे, त्यात पाच किंवा जास्त पाकळ्यांचे पाचहून जास्त निघाले किंवा सहा पाकळ्यांचा एक जरी दिसला तरी शंका घ्यायची. पाकळी वेगळी कधी मानायची, तर दोन पाकळ्यांना जोडणारा भाग दोऱ्याइतका बारीक असेल तेव्हा, जाड पूल असेल तर ती एकच. घाईत मोजणारा जाड पुलाचीही पाकळी धरतो आणि मग निरोगी माणसालाही बी१२ कमी आहे म्हणून कळवतो.

या खुणेचा मोठा फायदा म्हणजे ती लपत नाही. एखाद्याला बी१२ सोबत लोहही कमी असेल किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर एक कारण पेशी मोठी करतं नि दुसरं लहान, आणि एमसीव्ही मधेच ८८ वगैरे अगदी सभ्य आकडा येतो. रिपोर्टवर नॉर्मल. पण पेशींच्या आकारातला फरक सांगणारा आरडीडब्ल्यू बघा, तो वाढलेला असतो, आणि स्लाइडवर पाच-सहा पाकळ्यांचे न्यूट्रोफिल तसेच बसलेले असतात.

गोव्यात स्लाइड बघणाऱ्याला पावसाचाही हिशोब ठेवावा लागतो. स्लाइड रंगवायचा लीशमन स्टेन मिथेनॉलमध्ये असतो आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत बाटलीचं झाकण सैल राहिलं किंवा स्लाइड नीट सुकायच्या आधीच स्टेन ओतला की लाल पेशींवर चमकणारी भोकं नि कुरतडल्यासारख्या कडा दिसतात, नवशिक्याला तो पेशींच्या आकाराचा आजारच वाटतो. उपाय साधा, स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, तो काढल्याबरोबर हवेने पटकन सुकवायचा, स्टेनची बाटली घट्ट ठेवायची, आणि बघायचं ते स्मिअरच्या त्या भागात जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात. अगदी टोकाला पेशी पसरून चपट्या होतात, तिथे सगळंच मोठं दिसतं. दुसरी भानगड शिळ्या रक्ताची. जांभळ्या झाकणाची ईडीटीएची ट्यूब सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या कलेक्शन सेंटरवरून दुसऱ्या दिवशी शहरात पोचली, मधे फ्रिज नव्हता, तर लाल पेशी फुगून एमसीव्ही वाढतो आणि न्यूट्रोफिलचं केंद्रक तुटून गोळे गोळे होतं, ते पाकळ्यांसारखंच दिसतं. ओळखायचं कसं, तर खऱ्या पाकळ्यांमध्ये आत बारीक पोत दिसतो, मेलेल्या पेशीतले गोळे मात्र काळे नि गुळगुळीत असतात आणि त्यांच्यात दोरा नसतो. म्हणून स्मिअर रक्त काढलं तिथेच करून पाठवावा, ट्यूब मागून येऊ दे.

आता उदाहरण घेऊ. फोंड्याकडची ६० च्या आसपासची बाई, लग्नाआधीपासून पूर्ण शिवराक, म्हणजे नुसत्या सोमवार-गुरुवारच्या शिवराक नाहीत, घरात बांगडाही नाही नि तिसऱ्याही नाहीत (तिसऱ्यांमध्ये बी१२ भरपूर असतं, हा आपला जाता जाता मुद्दा). मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि मेटफॉर्मिन बी१२ चं शोषण कमी करतं. तक्रार दम लागण्याची, पायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जातो. सीबीसीत हिमोग्लोबिन ६.८, लाल पेशी १७ लाख, हिमॅटोक्रिट २०.५, म्हणजे एमसीव्ही साधारण १२०. पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट ९२,०००, तिन्ही खाली. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बनलेल्या लाल पेशी, १ टक्का, एवढ्या अ‍ॅनिमियात हे फारच कमी, म्हणजे मज्जा उत्पादन करत नाहीये. एलडीएच २,४००. स्लाइडवर मोठ्या अंडाकृती पेशी, १०० न्यूट्रोफिलमध्ये ११ पाच पाकळ्यांचे नि २ सहाचे.

आणि बी१२ चा रिपोर्ट आला ६१२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. नॉर्मलची हद्द बहुतेक लॅबमध्ये २०० ते ९०० च्या जवळपास असते, २०० च्या खाली कमतरता आणि २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. फोलेट १४, तेही मस्त. इथे पुष्कळ जण बी१२ खोडून टाकतात आणि मायलोडिस्प्लेसियाचा, म्हणजे मज्जेच्याच आजाराचा, विचार करून मज्जा काढायला पाठवतात. त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, मागच्या आठवड्यात इंजेक्शन घेतलं का? बाईंनी सांगितलं, दम लागतो म्हणून गावातल्या डॉक्टरने दोन दिवसांपूर्वी ताकदीचं लाल इंजेक्शन दिलं. लाल रंग बी१२ चाच. एका इंजेक्शनने रक्तातला आकडा लगेच वर जातो, मज्जेची भूक मात्र तशीच असते, आणि पाकळ्यांचे न्यूट्रोफिल उपचार सुरू केल्यावरही दहा-बारा दिवस फिरत राहतात. म्हणून अशा वेळी स्लाइड खरी.

इंजेक्शन नसतानाही आकडा फसवू शकतो. रक्तातल्या बी१२ चा मोठा वाटा हॅप्टोकोरिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि पेशींना तो बहुधा वापरता येत नाही, पेशींना मिळतो तो ट्रान्सकोबालामिनवरचा छोटा वाटा. नेहमीची टेस्ट दोन्ही मिळून मोजते. शिवाय मशीन बी१२ पकडायला इन्ट्रिन्सिक फॅक्टर, म्हणजे पोटात बी१२ ला चिकटून ते शोषायला मदत करणारं प्रथिन, वापरतं, आणि परनिशस अ‍ॅनिमियाच्या पेशंटमध्ये नेमकी त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी असते, ती टेस्टमध्येही लुडबुड करते नि कधीकधी खोटा नॉर्मल आकडा देते. म्हणून आकडा संशयाचा आला की मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड आणि होमोसिस्टीन बघतात. बी१२ कमी असेल तर दोन्ही वाढतात, नुसतं फोलेट कमी असेल तर होमोसिस्टीनच वाढतं. मर्यादा अशी की किडनी बिघडलेली असेल तर दोन्ही आपोआप वाढलेले असतात, आणि होमोसिस्टीनचं रक्त बर्फात ठेवून लगेच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर लाल पेशी ते सोडतच राहतात नि आकडा खोटा वाढतो.

फोलेटची टेस्ट तर त्याहून लहरी. सिरम फोलेट कालपरवाच्या जेवणावर नाचतं, दोन वेळा तांबडी भाजी जेवून आला की सुधारतं, म्हणून उपाशीपोटी घ्यावं. लाल पेशींच्या आत फोलेट सिरमपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे सुई नीट लागली नाही नि रक्त फुटलं तर तो आकडा फुगतो, गुलाबी सिरम आला तर सॅम्पल परत मागवायचं. आणि वरच्या बाईंच्या रिपोर्टमधलं १४ हे बी१२ कमतरतेशी जुळतंच, कारण बी१२ नसलं की फोलेट मिथाइल रूपात अडकून रक्तातच साठतं. असतं, पण कामाला येत नाही.

फोलेटचा शोध मुंबईपर्यंत जातो. ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी १९२८ पासून तिथल्या गरोदर गिरणी कामगार बायकांच्या अ‍ॅनिमियाचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये दाखवलं की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. तो घटक म्हणजे फोलेट.

उपचारात एकच मोठी चूक होते, बी१२ न तपासता फोलिक अ‍ॅसिडची गोळी. हिमोग्लोबिन चढतं, सगळे खूश, आणि मज्जारज्जूचं नुकसान आतल्या आत वाढत जातं. वरच्या बाईंना पायांच्या मुंग्या होत्याच, म्हणून बी१२ ची इंजेक्शनं आधी, फोलेट नंतर, आणि पहिल्या काही दिवसांत पोटॅशियमवर लक्ष, कारण नव्या पेशी बनताना ते रक्तातून ओढलं जातं. सहाव्या दिवशी रेटिक्युलोसाइट १६ टक्के. हे वाढणं म्हणजेच निदान पक्कं झालं, मायलोडिस्प्लेसियात असं होत नाही. मज्जा काढायची गरज पडली नाही. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ठीक झालं, पायांच्या मुंग्या मात्र अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, नसांना जास्त वेळ लागतो आणि कधीकधी थोडं तसंच राहून जातं.