पगार नावावर नाही, आकड्यावर जमा होतो

समजा, चाकणच्या एका कारखान्यात 320 कामगार आहेत आणि महिन्याचा एकूण पगार 86,40,000 रुपये. अकाउंट्समधला माणूस 320 वेळा पैसे पाठवत बसत नाही. तो बँकेच्या कॉर्पोरेट नेटबँकिंगवर एकच फाइल चढवतो. प्रत्येक कामगाराची त्यात एक ओळ असते, साधारण अशी:

```
N,5012000100034567,27450.00,ABCD0001234,SUNIL PATIL,SAL JUN
```

सुरुवातीचा N म्हणजे एनईएफटी. पुढे खाते क्रमांक, रक्कम, आयएफएससी, नाव आणि शेरा. प्रत्येक बँकेचा साचा थोडा वेगळा असतो. एक जण फाइल चढवतो, दुसरा मंजूर करतो. त्याच बँकेतली खाती बँक आतल्या आतच भरते. बाकीच्या ओळी एनईएफटीच्या दर अर्ध्या तासाच्या बॅचमधून ज्या त्या बँकेकडे जातात.

गंमत अशी, की पैसे पोचवताना बँक नाव जुळवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार केवळ खाते क्रमांकावर रक्कम जमा करता येते. त्या क्रमांकाचं खातंच नसेल, तर पैसे परत येतात, बॅच पार पडल्यापासून साधारण दोन तासांत. अशा चुकीचा निदान पत्ता तरी लागतो. खरी पंचाईत होते ती चुकीचा क्रमांक दुसऱ्या कुणाचा तरी निघाला की.

असा क्रमांक अनेकदा एक्सेलमध्ये बिघडतो. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच जपतं. काही बँकांचे खाते क्रमांक 16 अंकी असतात. वरच्या क्रमांकातला शेवटचा 7 मुकाट्याने शून्य होतो आणि उरतं 5012000100034560. सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळतं. म्हणून हा स्तंभ टाइप किंवा पेस्ट करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करावा लागतो. नंतर केला तर गेलेला अंक परत येत नाही.

शेवटचा अंक बदलण्याची ही चूक पकडायला जुना हिशेबी उपाय आहे. रकमांसोबत खाते क्रमांकांचीही बेरीज करायची, पण एक्सेलमध्ये नाही, कारण तिथे बेरजेचेही पहिले 15 अंकच उरतात. त्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नाही, पण पगाराच्या सॉफ्टवेअरमधली बेरीज आणि फाइलमधली बेरीज वेगळी आली, की कुठला तरी अंक हलला हे कळतं.

पण हा उपायही एका ठिकाणी फसतो. कुणी नावांच्या क्रमाने यादी लावताना खाते क्रमांकांचा स्तंभ निवडायला विसरला, तर नावं आणि रकमा हलतात, क्रमांक जागचे हलत नाहीत. ओळी 320च, एकूण रक्कम तीच, क्रमांकांची बेरीजही तीच. मंजुरी देणाऱ्याला स्क्रीनवर 86,40,000 दिसतात आणि तो बटण दाबतो. इथे नाव धरून मागच्या महिन्याच्या फाइलशी ओळ न् ओळ ताडणं हाच इलाज. ज्याचा खाते क्रमांक बदललेला दिसेल, त्याला आधी फोन करून विचारायचं आणि मगच मंजुरी द्यायची.