कल्याणहून वाशीला बाण का नाही?

व्हाइटबोर्डवर चार ठिपके आहेत. क म्हणजे कल्याण, ठ म्हणजे ठाणे, व म्हणजे वाशी आणि प म्हणजे पनवेल. बोर्डाच्या डोक्यावर संबंध लिहिला आहे: ‘तेच स्टेशन, किंवा गाडी न बदलता लोकलने जाता येणारं स्टेशन’. ज्या ठिपक्यापासून ज्या ठिपक्याकडे हा संबंध लागू होतो, तिथे बाण काढायचा. ठाण्याच्या क्लासमध्ये हे उदाहरण मुलांना लगेच पटतं, कारण कल्याणहून ठाण्याला मेन लाइन, ठाण्याहून वाशी आणि पनवेलला ट्रान्स-हार्बर, वाशीहून पनवेलला हार्बर हे मार्ग त्यांच्या रोजच्या बोलण्यातले असतात. तास संपताना कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं, तो ग्रुपवर जातो आणि घरी बसून प्रश्न सोडवायचा असतो: हा संबंध रिफ्लेक्सिव्ह म्हणजे परावर्ती आहे का, सिमेट्रिक म्हणजे सममित आहे का, ट्रान्झिटिव्ह म्हणजे संक्रमक आहे का?

तिन्ही व्याख्या तशा छोट्या आहेत. प्रत्येक ठिपक्यातून निघून त्याच ठिपक्याकडे परत येणारा बाण, म्हणजे लूप, असेल तर संबंध परावर्ती. जिथे जिथे जाणारा बाण आहे तिथून परत येणारा बाणही असेल तर सममित. आणि एका बाणाने पुढे, तिथून दुसऱ्या बाणाने आणखी पुढे जाता येत असेल, तेव्हा सुरुवातीपासून शेवटापर्यंत थेट बाणही असेल तर संक्रमक. व्याख्या पाठ असूनही उत्तरं चुकतात, कारण आकृतीकडे नुसतं बघून उत्तर दिलं जातं. डोळ्याला रेषा दिसतात. नसलेला बाण डोळा शोधत नाही, आणि इथे तर नसलेले बाणच शोधायचे असतात.

म्हणून फोटो समोर आला की आधी त्याचा तक्ता करावा. चार ठिपके, म्हणून चार ओळी आणि चार स्तंभ, एकूण 16 घरं. बाण ज्या ठिपक्यातून निघतो त्याची ओळ, ज्याच्यावर टोक आहे त्याचा स्तंभ. आपल्या फोटोत चार रेषा आहेत, क–ठ, ठ–व, ठ–प आणि व–प, आणि प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी टोक आहे. क, ठ आणि व यांच्यावर लूप स्पष्ट दिसतात. प मात्र बोर्डाच्या अगदी खाली आहे आणि फोटोची कड त्याच्या ठिपक्यालाच खेटून गेली आहे. त्याच्या खाली लूप होता की नव्हता, हे फोटो सांगत नाही.

| कुठून ↓ कुठे → | क | ठ | व | प |
|---|---|---|---|---|
| क | ✓ | ✓ | – | – |
| ठ | ✓ | ✓ | ✓ | ✓ |
| व | – | ✓ | ✓ | ✓ |
| प | – | ✓ | ✓ | ? |

तक्ता भरून झाला की एकदा मोजून घ्यावं. चार दुहेरी रेषांची आठ टोकं आणि तीन लूप, म्हणजे 11 बाण. तक्त्यातही 11 खुणा हव्यात. आकडा जुळला नाही तर बहुतेक वेळा दुहेरी रेषेची एकच खूण केलेली असते.

शंकेच्या घरात प्रश्नचिन्हच ठेवायचं, हे महत्त्वाचं. ‘असेलच’ म्हणून खूण केली की ती शंका होती हे पुढे कुणालाच आठवत नाही. फोटोत अशा जागा ठरलेल्या असतात. लूप बहुधा आकृतीच्या बाहेरच्या बाजूला काढतात, त्यामुळे कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या ॲपने कडा आपोआप कापल्या की आधी लूपच जातात. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बोर्डावर पडलं की त्या पट्ट्यात बाणांची टोकं पुसट होतात, रेष तेवढी उरते. सुकत आलेल्या मार्करचं टोक तर ‘फोटो सुधारा’ म्हटल्यावर ॲप डाग समजून पुसूनही टाकतं. दोन रेषा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे ठिपका नसतो, पण फोटो बारीक असेल तर तिथे पाचवा ठिपका असल्याचा भास होतो. म्हणून ठिपके मोजताना ज्याला नाव आहे तोच ठिपका धरावा, आणि संच वेगळा लिहिलेला असेल तर त्याच्याशी ताडून बघावा.

आता तपासणी. परावर्तीसाठी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण बघायचा: क-क, ठ-ठ, व-व आणि प-प. तीन घरं भरलेली, एक शंकेचं. उत्तर अजून ठरत नाही.

सममितीसाठी याच कर्णावर तक्ता दुमडल्यासारखा बघायचा. क-ठ चं घर ठ-क शी जुळतं का, क-व चं व-क शी, अशा सहा जोड्या. आपल्याकडे चार जोड्या दोन्हीकडे भरलेल्या आहेत आणि दोन जोड्या दोन्हीकडे रिकाम्या. रिकामी-रिकामी जोडीही चालते. एक भरलेलं आणि समोरचं रिकामं असेल तरच सममिती मोडते. कर्णावरची घरं दुमडल्यावर स्वतःवरच पडतात, म्हणून प च्या लूपची शंका इथे आडवी येत नाही. संबंध सममित आहे, आणि हे आपण निश्चित सांगू शकतो.

संक्रमकतेलाच खरा वेळ द्यावा लागतो. प्रत्येक तिकडी तपासायची म्हटली तर चार ठिपक्यांच्या 64 तिकड्या होतात आणि अर्ध्या वाटेत कंटाळा येतो. त्यापेक्षा ओळी पडताळणं सोपं. क च्या ओळीत ठ ची खूण आहे ना? मग ठ च्या ओळीतली प्रत्येक खूण क च्या ओळीतही असायला हवी. ठ च्या ओळीत चारही खुणा आहेत. क च्या ओळीत व आणि प ची घरं रिकामी आहेत. संक्रमकता इथेच मोडली. उत्तरात नेमका पुरावा लिहायचा: क पासून ठ कडे बाण आहे, ठ पासून व कडे आहे, पण क पासून व कडे नाही. हे एक उदाहरण पुरतं. पुढच्या ओळी बघायची गरज नाही. रोजच्या भाषेत सांगायचं तर कल्याणच्या माणसाला वाशीला जायला ठाण्यात गाडी बदलावी लागते, आणि तोच हा न काढलेला बाण.

म्हणजे फोटोची कापलेली कड तीनपैकी एकाच उत्तराला अडवते. बोर्डावरची व्याख्या फोटोत आली असेल तर तेही सुटतं: ‘तेच स्टेशन’ हे शब्द तिच्यातच आहेत, म्हणून पनवेलचा लूप असायलाच हवा आणि संबंध परावर्ती ठरतो. पण व्याख्या फोटोत नसेल आणि प्रश्न फक्त आकृतीवर असेल, तर फोटो पुन्हा मागवणं हाच प्रामाणिक मार्ग. संबंध म्हणजे काढलेल्या बाणांची यादी. आपल्याला अर्थ कळला म्हणून तिच्यात भर घालता येत नाही.

याच तक्त्यात एक बदल करून बघण्यासारखा आहे, कारण सगळ्यात फसवी चूक तिथेच दडलेली आहे. समजा क–ठ ही दुहेरी रेषा बोर्डावर नाहीच. मग कल्याण एकटं पडतं आणि ठाणे, वाशी, पनवेल यांचं आपसांत पूर्ण जोडलेलं त्रिकूट उरतं. चारही लूप असतील तर हा संबंध परावर्ती, सममित आणि संक्रमकही आहे, म्हणजे सममूल्य संबंध. त्याने संचाचे दोन स्वच्छ गट पाडले.

आता एकेक लूप पुसून बघू. फक्त पनवेलचा लूप पुसला तर परावर्तीपणा जातो हे उघड आहे, पण त्याच्याबरोबर संक्रमकताही जाते. प पासून व कडे बाण आहे, व पासून परत प कडे आहे, म्हणून प पासून प कडे बाण हवा, आणि तोच आपण पुसला. जाऊन परत येणं ही सुद्धा दोन बाणांची वाट असते, हे मुलं विसरतात; तीन वेगवेगळी अक्षरं हवीत असा त्यांचा समज असतो. व्याख्येत तसं कुठेही म्हटलेलं नाही.

फक्त कल्याणचा लूप पुसला तर मात्र सममिती आणि संक्रमकता दोन्ही शाबूत राहतात. कल्याणमधून एकही बाण निघत नाही, म्हणून दोन बाणांची वाटच सुरू होत नाही आणि नियम मोडायला जागाच उरत नाही. जातो तो फक्त परावर्तीपणा. ‘बाण आहे, सममितीमुळे परतीचा बाण आहे, संक्रमकतेमुळे लूप आहे, म्हणून परावर्ती वेगळं तपासायला नको’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो आणि नेमका इथे कोसळतो. त्याचा पहिलाच शब्द ‘बाण आहे’ हा आहे, आणि कल्याणपाशी बाणच नाही. फोटोत असा एकटा, बिनबाणाचा ठिपका मार्करचा डाग समजून सोडून दिला जातो. तो सोडला की उत्तर ‘सममूल्य’ येतं, धरला की येत नाही. इतका फरक एका ठिपक्याने पडतो.

याच कारणामुळे, ज्या आकृतीत क पासून ठ कडे आणि क पासून व कडे असे दोनच बाण आहेत, ती संक्रमक आहे. ठ किंवा व मधून पुढे काहीच निघत नाही, दोन बाणांची वाट नाही, म्हणून मोडलेला नियमही नाही. ‘पुढचा बाण नाही म्हणून संक्रमक नाही’ असं लिहिलं की गुण गेले.

एक काळजी मात्र उगाच केली जाते. समोरच्या कॅमेऱ्याने काढल्यामुळे फोटो आरशासारखा उलटा आला, वाकडा आला, किंवा तक्त्यात ओळी-स्तंभांची अदलाबदल होऊन सगळेच बाण उलटे नोंदले गेले, तरी तिन्ही उत्तरं तीच राहतात. सगळे बाण एकदम उलटले तरी लूप लूपच राहतो, जोडी जोडीच राहते, दोन बाणांची वाट उलट दिशेने तशीच चालते. त्याचप्रमाणे आकृती दिसायला डावी-उजवी सारखी असली म्हणजे संबंध सममित होतो असंही नाही. सममिती बाणांची, चित्राची नव्हे. काही बाण बरोबर आणि काही उलटे नोंदले गेले, तर मात्र उत्तर बिघडतं.

मूळ फोटोतला संबंध संक्रमक व्हायला काय लागेल? कळवा–ऐरोली उन्नत जोडमार्गाचा हेतूच कल्याणकडच्या लोकल ठाण्याला वळसा न घालता नवी मुंबईकडे नेण्याचा आहे. समजा त्यावरून कल्याण–वाशी थेट लोकल सुरू झाली, म्हणजे तक्त्यात क-व आणि व-क या दोन खुणा वाढल्या. सममिती टिकते. क ची ओळ आता क, ठ, व अशी होते. पण तिच्यात व आला, म्हणून व ची पूर्ण ओळ तिच्यात मावायला हवी, आणि व च्या ओळीत प आहे. क-प अजून रिकामंच आहे. कल्याणहून पनवेललाही थेट लोकल येईल आणि सोळाच्या सोळा घरं भरतील, तेव्हाच या चार स्टेशनांचा संबंध संक्रमक होईल.