पिव्होट टेबल आणि न आलेले धावपटू

एका अर्धमॅरेथॉननंतर आयोजन समितीतल्या मित्राने मला एक आलेख पाठवला. त्यात दोनच खांब होते. कंपनीमार्फत नाव नोंदवलेल्यांपैकी ७७ टक्के लोक शर्यतीला आले, तर संकेतस्थळावरून स्वतः नोंदणी केलेल्यांपैकी ६६ टक्के. खाली निष्कर्षही लिहिला होता: कंपनीची माणसं शिस्तीची, म्हणून पुढच्या वर्षी संकेतस्थळाच्या जागा कमी करायच्या. आकडे बरोबर होते, बेरीज बरोबर होती, तरीही निष्कर्ष उलटा होता. हे असं कसं होतं ते एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये डोळ्यांनी पाहता येतं. मला हे साधन आवडतं ते याचसाठी.

आधी साधन समजून घेऊ. नोंदणीच्या यादीत दर माणसामागे एक ओळ असते: बिबचा, म्हणजे छातीवर लावायच्या पट्टीचा, क्रमांक, नाव, जन्मतारीख, पिनकोड, शहर, नोंदणीचा मार्ग. समजा, प्रत्येक ओळ वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आणि सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. आता शहरानुसार राशी लावल्या, मग प्रत्येक राशीत मार्गानुसार पोटराशी केल्या आणि प्रत्येक पोटराशीत किती चिठ्ठ्या आहेत ते मोजलं. पिव्होट टेबल एवढंच करतं. `Rows` मध्ये शहर टाकलं, `Columns` मध्ये मार्ग टाकला, की राशी लागतात. शहर उचलून तिथे वयोगट ठेवला, की सगळ्या चिठ्ठ्या गोळा होऊन नव्याने वाटल्या जातात. पिव्होट म्हणजे ज्याभोवती एखादी गोष्ट फिरते तो बिंदू. एक्सेलमध्ये ही सोय १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे.

पण राशी लावण्याआधी ‘आला’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं. धावण्याच्या स्पर्धेत हे सोपं असतं, कारण बिबच्या मागे टायमिंग चिप असते आणि सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ती वाचते. मात्र मॅटच्या फाइलमध्ये फक्त आलेल्यांची नोंद असते, आणि रेषेजवळ घुटमळणाऱ्याची चिप दोनतीनदाही वाचली जाते. म्हणून मूळ यादीत एक नवा रकाना करून त्यात हे सूत्र टाकायचं:

```
=IF(COUNTIF(Start!A:A,A2)>0,1,0)
```

बिब `Start` या पानावर एकदा दिसो की तीनदा, उत्तर १ येतं. दिसलाच नाही तर ०. हा शून्य फार मोलाचा आहे. न आलेल्यांपुढे घर रिकामं सोडलं, तर पिव्होटची `Average` रिकामी घरं मोजतच नाही. सगळ्यांची सरासरी १ येते आणि उपस्थिती शंभर टक्के दिसते. १ आणि ० भरले असतील, तर त्यांची सरासरी हीच उपस्थितीची टक्केवारी असते.

शहराचा रकाना सर्वात त्रास देतो, कारण तो माणसं स्वतः लिहितात. पुणे, Pune, Poona, पिंपरी, हडपसर, शिवाय शेवटी एक अदृश्य मोकळी जागा असलेलं पुणे. पिव्होट या सगळ्यांच्या वेगळ्या राशी लावतं. मी शहर सोडून देतो आणि पिनकोडचे पहिले तीन अंक घेतो: `=LEFT(D2,3)`. पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि त्याचे पहिले तीन अंक टपाल छाटणीचा जिल्हा सांगतात. ४११ म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड, ४०० म्हणजे मुंबई (ठाणेसुद्धा यातच येतं), ४२२ म्हणजे नाशिक. एका अंकाची चूक अधूनमधून होते, पण ‘पुणे’च्या वीस तऱ्हांपेक्षा ती परवडते.

वयाचं गणित शर्यतीच्या दिवशीचं हवं, नोंदणीच्या दिवशीचं नव्हे. शर्यतीची तारीख `H1` मध्ये असेल तर `=DATEDIF(C2,$H$1,"Y")`. मग पिव्होटमध्ये वयावर उजवी क्लिक करून `Group` निवडायचं आणि दहा-दहा वर्षांचे गट पाडायचे. एक्सेल गट पाडायला नकार देत असेल, तर वयाच्या रकान्यात कुठेतरी आकड्याऐवजी मजकूर किंवा त्रुटीचा संदेश आहे. बहुतेक वेळा दोष तारखेच्या क्रमाचा असतो. संगणक महिना आधी धरत असेल, तर २५/०३/१९८४ ही त्याला तारीख वाटत नाही, आणि ०५/०३/१९८४ ही तो निमूटपणे ३ मे समजतो. पहिली चूक लगेच दिसते. दुसरी दिसत नाही, पण तिने वय फार तर एक वर्षाने हलतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समितीचे खरे आकडे मी देत नाही. त्याच घाटाचे, हिशेबाला सोपे आकडे मानू. संकेतस्थळावरून ४,००० जणांनी नोंदणी केली, त्यातले २,६५० आले. कंपनीमार्फत ३,५०० जणांची नोंदणी झाली, त्यातले २,७१० आले. म्हणजे ६६ आणि ७७ टक्के. मित्राचे दोन खांब ते हेच. आता `Rows` मध्ये पिनकोड टाकून फक्त दोन राशी करू, पुणे आणि बाहेरगाव.

पुण्यात संकेतस्थळवाले १,००० पैकी ८५० आले, म्हणजे ८५ टक्के. कंपनीवाले ३,२०० पैकी २,५६० आले, म्हणजे ८० टक्के. पुण्यात संकेतस्थळ पुढे. बाहेरगावचे संकेतस्थळवाले ३,००० पैकी १,८०० आले, म्हणजे ६० टक्के. कंपनीवाले ३०० पैकी १५०, म्हणजे ५० टक्के. इथेही संकेतस्थळच पुढे. दोन्ही राशींत जो पुढे आहे, तो एकत्र केल्यावर मागे कसा पडतो?

उत्तर टक्क्यांमध्ये नाही, छेदात आहे. एकूण टक्केवारी ही दोन टक्क्यांची साधी सरासरी नसते. ज्या राशीत माणसं जास्त, तिचं वजन जास्त. संकेतस्थळाच्या चार हजारांत तीन हजार बाहेरगावचे आहेत, म्हणून त्यांचा एकूण आकडा ६० च्या बाजूला ओढला जातो. कंपनीच्या साडेतीन हजारांत बत्तीसशे पुण्याचेच, म्हणून त्यांचा आकडा ८० ला चिकटून राहतो. मित्राचे दोन खांब शिस्तीची तुलना करतच नव्हते. पहाटे घरून निघून मैदानावर पोहोचणारा माणूस आणि आदल्या दिवशी एसटी धरून मुक्कामाला येणारा माणूस, यांची ती तुलना होती.

याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिलं; त्याआधी १९०३ मध्ये उडनी यूल यांनाही तो दिसला होता. सर्वात गाजलेलं उदाहरण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं आहे. १९७३ च्या प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. विभागवार राशी लावल्यावर बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध तसा कल दिसलाच नाही. जिथे प्रवेश मिळणंच अवघड, अशा विभागांत स्त्रियांनी जास्त अर्ज केले होते.

मग दोन मार्गांची न्याय्य तुलना कशी करायची? दोघांना एकच वजन द्यायचं. आपल्या ७,५०० धावपटूंत पुण्याचे ४,२००, म्हणजे ५६ टक्के, आणि बाहेरचे ४४ टक्के. हेच प्रमाण दोन्ही मार्गांना लावू. संकेतस्थळ: ८५ चे ५६ टक्के अधिक ६० चे ४४ टक्के, म्हणजे ७४. कंपनी: ८० चे ५६ टक्के अधिक ५० चे ४४ टक्के, म्हणजे जवळपास ६७. क्रम पालटला. लोकसंख्याशास्त्रात दोन राज्यांच्या मृत्युदरांची तुलना करताना वयाच्या फरकाचा परिणाम याच रीतीने काढून टाकतात, नाहीतर जिथे वृद्ध जास्त ते राज्य उगाच रोगट दिसतं.

आता वयोगटही आत घ्यावासा वाटतो आणि घ्यायलाही हवा, कारण कंपनीच्या यादीत साठीपुढचे जवळपास नसतात. पण प्रत्येक नव्या रकान्याने राशी बारीक होत जातात. नाशिक, कंपनी, ५० च्या पुढे, अशा घरात पाच माणसं उरतात आणि चार आली की ८० टक्के झळकतात. पाच जणांच्या ८० टक्क्यांत यदृच्छेने होणारी चढउतार पस्तीसेक टक्क्यांची असते, पाचशे जणांच्या ८० टक्क्यांत साडेतीनेक. म्हणून `Values` मध्ये सरासरीच्या शेजारी संख्या ठेवायचीच. साधारण तीसपेक्षा कमी माणसांच्या घरावर मी काहीच बोलत नाही.

आणि मिळेल त्या रकान्याने राशी फोडायच्या नसतात. शहर हे नोंदणीच्या आधीपासून ठरलेलं असतं, म्हणून त्याने फोडणं योग्य. ‘बिब नेला का?’ हा रकाना मोहात पाडतो, पण बिब नेणं नोंदणीनंतर घडतं. बाहेरगावचे बरेच जण गळतात ते बिब आणायला आदल्या दिवशी यावं लागतं तिथेच. फक्त बिब नेलेल्यांची रास घेतली, तर शोधायची होती ती गळतीच तक्त्यातून पुसली जाते.

समितीच्या बैठकीत एकाने अमावास्येमुळे लोक आले नाहीत असं सांगितलं, दुसऱ्याने पावसामुळे. पाऊस माणसाला घरी बसवू शकतो, अमावास्या कशी बसवते हे कुणी सांगू शकलेलं नाही. पण या तक्त्यातून दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या दिवशी पाऊस सगळ्या ओळींवर सारखाच पडला आणि अमावास्याही सगळ्यांनाच होती. ज्या रकान्यात सगळीकडे एकच किंमत असते, त्याने राशी लागत नाहीत. त्यासाठी बऱ्याच वर्षांच्या शर्यती लागतील. ‘डेटा स्वतः बोलतो’ असं जाहिरातीत सांगतात, तेही यामुळेच मला पटत नाही. त्याच साडेसात हजार ओळींनी मित्राला एक सांगितलं आणि पिनकोड टाकल्यावर बरोबर उलटं.

चिपचीही मर्यादा आहे. मित्राचा बिब लावून धावणारे असतात. ३५ वर्षांच्या माणसाच्या नावावर २२ वर्षांचा मुलगा धावला, तरी तक्त्यात ३५ वर्षांचाच हजर दिसतो.

मित्राबरोबर बसून मी शेवटी बाहेरगाव आणि कंपनी या घरावर दोनदा क्लिक केलं. पिव्होटमध्ये असं केलं की त्या घरामागच्या सगळ्या मूळ ओळी नव्या पानावर उघडतात. बहुतेक पिनकोड ४०० ने सुरू होत होते. न आलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या पुढे ईमेलचा पत्ता एकच होता, आणि तो कुणा धावपटूचा नव्हता. कार्यालयातल्या कुणीतरी सगळ्यांची नावं एका बैठकीत भरली होती आणि बिब कुठे, कधी घ्यायचा हे सांगणारा निरोप त्या एकाच पत्त्यावर गेला होता.