आठवी पाकळी का खेटते?

पाडव्याच्या आसपास पुण्यात रांगोळीचे झटपट व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागतात. नारायण पेठेतल्या एका काकूंच्या अशाच व्हिडिओत चाळीस मिनिटांचं काम ऐंशीपट वेगानं अर्ध्या मिनिटात उरकतं, आणि मधे त्यांचं एकच वाक्य ऐकू येतं: "पाकळ्या ओळीनं काढत जाऊ नका गं, समोरासमोर काढा." हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यामागचं गणित पक्कं आहे.

समजा, मध्यापासून 30 सेंटीमीटरवर आठ पाकळ्यांची टोकं यायची आहेत. वर्तुळाचा परीघ होतो साधारण 188 सेंटीमीटर, म्हणजे दोन टोकांमध्ये साडेतेवीस सेंटीमीटर हवेत. अंदाजानं काढताना हात 25 वर जातो. दीड सेंटीमीटर म्हणजे जेमतेम बोटभर, तेवढं कुणाला जाणवत नाही. पण ओळीनं सात अंतरं घेतली की 175 सेंटीमीटर संपतात आणि शेवटच्या फटीला उरतात फक्त 13. आठवी पाकळी पहिलीला खेटते. हात कधी जास्त, कधी कमी गेला असता तर चुका थोड्याफार आपसांत फिटल्या असत्या. पण तो बहुधा एकाच बाजूला चुकतो, म्हणून चूक साठत जाते.

काकू पहिल्या पाकळीनंतर थेट समोरची काढतात, मग आडव्या दोन, आणि शेवटी चार कोपऱ्यांत एकेक. प्रत्येक नवी पाकळी आधीच्या दोघींच्या बरोबर मध्ये बसवायची असते, आणि अर्धा भाग नजरेला चांगला कळतो. शेवटच्या चारपैकी एखादी दीड सेंटीमीटर सरकलीच, तर तिच्या एका बाजूला 25 आणि दुसऱ्या बाजूला 22 उरतात. चूक तिथेच थांबते. सुरुवातीची सरकली तरी तो फरक पुढच्या अंतरांत वाटला जातो आणि कुठेच उठून दिसत नाही.

आणखी एक अडचण बसण्याची. कडेला बसलं की रांगोळी तिरकी दिसते, त्यामुळे पलीकडची अंतरं प्रत्यक्षापेक्षा आखूड भासतात आणि हात ती ताणतो. म्हणून अधूनमधून उठून वरून पाहावं. मोबाईलही बरोबर मध्याच्या वर, जमिनीला समांतर हवा. तो कलला तर नीट काढलेला गोलही व्हिडिओत लंबगोल दिसतो. खात्री करायची तर समोरासमोरच्या दोन टोकांवर दोरा ताणून धरावा. तो मधल्या ठिपक्यावरून गेला पाहिजे.

अर्ध्याचं अर्धं करण्याची ही रीत चार, आठ, सोळा पाकळ्यांना चालते. सहा हव्या असतील तर ज्या दोऱ्यानं वर्तुळ काढलं तोच ताणून परिघावर टोकाला टोक लावत न्यावा, तो बरोबर सहा वेळा बसतो. पाच किंवा सात पाकळ्यांना मात्र नजरेवर विसंबू नये. परिघाभोवती दोरा फिरवून तेवढाच कापावा, त्याच्या पाच किंवा सात सारख्या घड्या कराव्यात आणि एका घडीच्या मापानं, दोरा सरळ न ताणता परिघाच्या वळणावर ठेवत, खुणा करूनच चिमटीत रांगोळी घ्यावी.